समेवर येते, पण तिगुन नसते

प्रश्न: दोन वर्षं तबला शिकतोय. तीनतालाचा ठेका हातावर टाळी देत ठाय आणि दुगुनीत नीट म्हणता येतो. तिगुन म्हणायला लागलो की कधी टाळीच बोलांमागे धावते, तर कधी समेवर बरोबर येऊनही सर म्हणतात, "ही तिगुन नाही." समेवर आलो तर मग चुकलं कुठे? आणि तिगुन एकाच आवर्तनात बसवायची असेल तर ११व्या मात्रेत नक्की कुठून उचलायची?

उत्तर:

तुमच्या सरांचं बरोबर असणार. समेवर येणं ही तिगुन बरोबर असल्याची खूण नाही. प्रत्येक टाळीला तीन बोल म्हणून मोकळं व्हायचं, एवढं पाळलं तरी १६ मात्रांत ४८ बोल होतात आणि सम आपोआप मिळते. मधले तीन बोल एकमेकांपासून सारख्या अंतरावर होते का, हे सम सांगत नाही.

मेट्रोनोम ६० वर लावला आहे असं समजा, म्हणजे एक मात्रा एक सेकंदाची. तिगुनीत प्रत्येक बोलाला सेकंदाचा तिसरा हिस्सा मिळायला हवा. होतं काय, की पहिले दोन बोल पाव-पाव सेकंदात उरकले जातात आणि तिसरा अर्धा सेकंद रेंगाळतो. किंवा उलट, पहिला लांबतो आणि पुढचे दोन घाईत येतात. पहिला प्रकार चौगुनीतला चौथा बोल गाळल्यासारखा, दुसरा अर्धा दुगुनीत आणि अर्धा चौगुनीत. दोन्हीत टाळी चुकत नाही, सम चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला ती लंगडी चाल लगेच कळते. मी स्वतः जवळजवळ वर्षभर अशी लंगडी तिगुन म्हणत होतो आणि सम येते म्हणून खुशीत होतो. गुरुजींनी एकदा डोळे मिटून ऐकलं आणि स्वतःच्या मांडीवर नुसते तीन-तीन ठोके देत राहिले. माझा मधला बोल त्यांच्या मधल्या ठोक्याच्या आधी पडत होता. दर वेळी, न चुकता आधी.

आता हे तीनतालात इतकं का होतं, ते बघू. दुगुनीत ठेक्याचा चार बोलांचा खंड बरोबर दोन मात्रांत बसतो: धाधिं धिंधा. खंड संपतो तिथे मात्राही संपते, त्यामुळे जिभेला वेगळं काही करावं लागत नाही. तिगुनीत चारांचा खंड तीन-तीनच्या डब्यांत भरायचा असतो. म्हणून पहिल्या चार मात्रा अशा येतात:

धाधिंधिं धाधाधिं धिंधाधा तिंतिंता

दुसरी आणि तिसरी मात्रा बघा. दुसऱ्या खंडातली 'धिं धिं' ही जोडी इथे फुटते. पहिला धिं दुसऱ्या मात्रेच्या शेवटी, दुसरा धिं तिसऱ्या मात्रेच्या टाळीवर. जिभेला मात्र दोन सारखे बोल एकत्र उरकायची सवय असते. ती दोन्ही धिं चिकटवून म्हणते आणि मग एक तर टाळी पहिल्या धिंवर ओढली जाते, किंवा टाळी जागेवर राहते आणि पहिला धिं तिच्याजवळ सरकतो. पहिलं झालं की 'टाळी बोलांमागे धावते', दुसरं झालं की 'समेवर येतो पण तिगुन नाही'. तुमच्या तक्रारी दोन वाटतात, पण मूळ बहुधा एकच आहे: जोडीचे बोल चिकटतात.

तेव्हा पहिलं काम ठेक्याचं नाहीच. बोल बाजूला ठेवा आणि 'तकिट' घ्या. तीन वेगळी अक्षरं असल्यामुळे चिकटायला जागा नाही. मेट्रोनोम आधी १८० वर लावा, ६० वर नाही. प्रत्येक टिकीला एक अक्षर म्हणा आणि हाताने दर तिसऱ्या टिकीला, म्हणजे प्रत्येक 'त'वर, टाळी द्या. इथे सारखं अंतर यंत्र देतंय, तुम्ही फक्त त्यावर बसताय. हे सहज झालं की 'तकिट'च्या जागी त्याच १८० वर तीनतालाचा ठेका म्हणा, टिकीला एक बोल, टाळी दर तिसऱ्या बोलावर. म्हणजे तिगुनच, फक्त मात्रेचे तिन्ही हिस्से कानाला ऐकू येताहेत. तिसऱ्या मात्रेच्या टाळीवर दुसरा धिं येतोय ना, एवढं लक्ष ठेवा. मग मेट्रोनोम ६० वर आणा. मधल्या दोन टिक्या गेल्या, आता त्या तुम्हाला मनात ठेवायच्या आहेत. बहुतेकांचं लंगडणं इथे परत सुरू होतं. तसं झालं तर निमूटपणे १८० वर परत जायचं, ६० वर अडखळत रेटायचं नाही.

६० च का, असं विचाराल. ४० वर एक मात्रा दीड सेकंदाची होते आणि एका बोलाला अर्धा सेकंद मिळतो. सोपं वाटतं, पण टाळ्यांमधली पोकळी एवढी मोठी होते की तिचे तीन सारखे भाग करणं नवख्याला अवघड जातं. उलट १०० च्या वर जीभ इतकी पळते की चूक असली तरी ऐकू येत नाही. ६० ते ७२ मध्ये चूक करायलाही आणि पकडायलाही वेळ मिळतो.

चूक पकडायला फोनवर रेकॉर्ड करा आणि अर्ध्या वेगाने ऐका. मात्रेच्या शेवटी, पुढच्या टाळीच्या आधी, श्वासाएवढी फट ऐकू आली तर पहिले दोन बोल घाईत गेलेत. फट पहिल्या बोलानंतर असेल तर पुढचे दोन घाईत. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये आवाजाच्या उंचवट्यांची पट्टी दिसत असेल तर कानाचीही गरज नाही, तीन उंचवटे सारख्या अंतरावर आहेत की दोन चिकटून एक लांब आहे हे डोळ्यांना दिसतं. ही लाज वाटायला लावणारी तपासणी आहे, पण गुरूसमोर लाज वाटण्यापेक्षा बरी.

आता तिगुन सबंध बघू. ठेका समेपासून तिगुनीत म्हटला तर एका आवर्तनात तीनदा होतो. हे ४८ बोल सलग रेटा मारून पाठ करू नका. चार-चार मात्रांचे खंड पाडून घ्या, कारण चार मात्रांत १२ बोल येतात, आणि १२ बोल म्हणजे ठेक्याचे बरोबर तीन खंड. म्हणजे प्रत्येक टाळीवर आणि कालावर ठेक्याचा कुठला ना कुठला खंड सुरू होतोच, अधलंमधलं काही पडत नाही:

सम: धाधिंधिं धाधाधिं धिंधाधा तिंतिंता
दुसरी टाळी (५): ताधिंधिं धाधाधिं धिंधाधा धिंधिंधा
काल (९): धातिंतिं ताताधिं धिंधाधा धिंधिंधा
तिसरी टाळी (१३): धाधिंधिं धाधातिं तिंताता धिंधिंधा

समेवर ठेक्याचा पहिला खंड सुरू होतो, पाचव्या मात्रेवर चौथा, नवव्यावर तिसरा, तेराव्यावर दुसरा. एक, चार, तीन, दोन. आणि यातली सोय अशी की कालावर, नवव्या मात्रेला, ठेक्यातलाही काल येतो. हात उलटा होतो आणि तोंडात 'धातिंतिं' असतं. हात आणि तोंड ठेक्याच्या एकाच जागी येतात ते या आवर्तनात सम आणि काल या दोनच ठिकाणी. मी म्हणूनच विद्यार्थ्याला पूर्ण तिगुन देत नाही. आधी दोन खुंटे द्यायचे: पाचव्याला 'ता', नवव्याला 'धातिंतिं'. पाचव्या मात्रेला टाळी पडताना तोंडात 'ता' नसेल तर पहिल्या चार मात्रांत काहीतरी गळलंय किंवा वाढलंय. समेपर्यंत थांबायची गरज नाही.

चारही ओळी परत वाचा. आकार एकच आहे: पहिल्या मात्रेत एक आणि मग जोडी, दुसऱ्यात जोडी आणि मग एक, तिसऱ्यात एक आणि मग जोडी, चौथ्यात जोडी आणि मग एक. बदलतं ते फक्त धाचं ता होणं आणि धिंचं तिं होणं, म्हणजे डग्गा कुठे गप्प बसतो एवढंच. ठेक्यातले बंद बोल चार: तिं तिं ता ता. तिगुनीत ते एकदा चौथ्या मात्रेत येऊन पाचवीच्या टाळीपर्यंत पोचतात, एकदा काल पडल्यावर लगेच नवव्या-दहाव्यात येतात, आणि शेवटी चौदाव्याच्या अखेरीला सुरू होऊन पंधरावी व्यापतात. तबल्यावर वाजवताना मी बोल मोजत नाही, डग्ग्याची ही तीन मौनं ऐकतो. तिसरं मौन संपलं की 'धिंधिंधा' आणि सम.

टाळी बोलांमागे धावण्यावर आणखी एक उपाय आहे, तो थोडा छळणारा आहे. टाळी देताना बोटंही मोजायची: टाळीची मात्रा तळहातावर, पुढच्या तीन करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटावर. आता समेपासून चार मात्रा तिगुन म्हणा, पुढच्या चार मात्रा तोंड बंद, फक्त हात चालू, आणि कालावर 'धातिंतिं' म्हणत परत या. त्यानंतर १३ पासून पुन्हा गप्प, समेला पुन्हा बोल. हात जर बोलांच्या जोरावर चालत असेल तर बोल थांबताच तो डगमगतो: बोटं घाई करतात किंवा चौथ्या मात्रेनंतर लटकतात. मेट्रोनोम लावून हे केलं की कुठल्या बोटावर सुटलो हेसुद्धा कळतं. हात स्वतःच्या पायावर उभा राहिला की मगच बोल परत घाला. मेट्रोनोमऐवजी लेहरा लावला तर आणखी चांगलं, कारण लेहऱ्याची धून तुम्हाला काल आणि सम नावानिशी दाखवते, मेट्रोनोमची टिक सगळीकडे सारखीच असते. पण सुरुवातीला लेहरा नको. माणूस धुनीला चिकटतो आणि मोजणं सोडतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ११व्या मात्रेचा. एकदाच तिगुन म्हणून समेवर यायचं असेल तर १६ बोलांना १६ भागिले ३, म्हणजे ५ पूर्ण मात्रा आणि वर एक तृतीयांश लागते. मागून मोजा: १२ ते १६ या पाच मात्रा पूर्ण, आणि उरलेला एक बोल ११व्या मात्रेच्या तिसऱ्या हिश्शात. म्हणून लिहिताना असं लिहितात:

११: ऽऽधा, १२: धिंधिंधा, १३: धाधिंधिं, १४: धाधातिं, १५: तिंताता, १६: धिंधिंधा

ही ओळ ओळखीची वाटली पाहिजे. तेराव्यापासून पुढे ती वरच्या तक्त्यातल्या तिसऱ्या टाळीच्या ओळीसारखीच आहे, आणि अकरावीतला तो शेवटचा 'धा' म्हणजे तीन आवर्तनांच्या तिगुनीतलं तिसरं आवर्तन जिथे सुरू होतं तीच जागा. तिथे अकरावी मात्रा 'धिंधाधा' होती, इथे पहिले दोन बोल काढून टाकलेत. नवीन काही शिकायचं नाही.

अडचण उचलण्याची असते. दहाव्या मात्रेपर्यंत ठाय म्हटलं, अकरावीला टाळी नाही, बोल नाही, मग दोन तृतीयांश मात्रा नुसती अधांतरी, आणि त्यानंतर धा. बहुतेक जण तो धा अर्ध्या मात्रेवर टाकतात, कारण दुगुनीची अर्धी मात्रा अंगात मुरलेली असते. अर्ध्यावर टाकला की पुढे बाराव्या मात्रेपर्यंत फट जास्त राहते आणि ती भरायला मग धा लांबवावा लागतो. उपाय साधा आहे: नवव्या मात्रेपासूनच, ठाय बोल म्हणत असताना, मनात 'तकिट' सुरू ठेवा. अकरावीला मनात 'तकि' म्हणा आणि 'ट'च्या जागी मोठ्याने 'धा'. तोंडातून धा आल्याबरोबर पुढची टाळी/बोट 'धिं'वर. तो धा आणि बारावीचा धिं यांतलं अंतर आणि पुढच्या प्रत्येक दोन बोलांमधलं अंतर सारखंच लागलं पाहिजे. धा जरा लोंबकळला तर समजा की तो लवकर पडलाय.

दुसऱ्या तालांत हाच हिशेब करता येतो. मात्रांना तीनने भागा. बाकी काहीच उरली नाही, जसं एकतालात १२ ला, तर तिगुन मात्रेच्या सुरुवातीलाच उचलते: चार मात्रा लागतात, म्हणून नववीपासून. बाकी एक उरली, जसं झपतालात १० ला किंवा रूपकात ७ ला, तर सुरुवातीला दोन अवग्रह: झपतालात सातव्या मात्रेत, रूपकात पाचव्या मात्रेत. बाकी दोन उरली, जसं धमारात १४ ला, तर एकच अवग्रह, दहाव्या मात्रेत. एवढं लक्षात ठेवलं की परीक्षेच्या वहीत चंद्रकोरी मोजत बसावं लागत नाही. एकतालात 'तिरकिट' तिगुनीत आलं की एका मात्रेच्या तिसऱ्या हिश्शात चार अक्षरं म्हणावी लागतात, त्यामुळे लय आधीच जरा जड धरा. ती वेगळी झटापट आहे, तीनताल बसल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

जीभ पळून तिगुनीची चौगुन होणं हा आणखी एक नमुना. तो ओळखायला सोपा आहे. तिन्ही आवर्तनं म्हणून झाली आणि त्यानंतरचा समेचा 'धा' तेराव्या मात्रेच्या टाळीवर पडला, तर तुम्ही सबंध चौगुन म्हटली आहे, कारण ४८ बोल चौगुनीत १२ मात्रांत संपतात. तेरावी आणि सम यांच्या मध्ये कुठेतरी पडला तर अर्धी वाट तिगुन आणि अर्धी चौगुन. असं होण्याचं एक कारण मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे: विद्यार्थी ठाय, दुगुन, तिगुन, चौगुन असं पायऱ्या चढल्यासारखं म्हणतो आणि तिगुनीकडे 'दुगुनीहून जरा जलद' म्हणून बघतो. दुगुनीत जीभ थोडी दामटली की तिगुन होत नाही. मात्रेचे भाग पाडण्याची पद्धतच बदलते. म्हणून रियाजात काही दिवस दुगुन मध्ये घेऊच नका. ठायमधून थेट तिगुन, तिगुनीतून थेट ठाय. दुगुनीवरून तिगुनीवर जाणं त्यानंतर घ्या, आणि घेताना मधली मात्रा चुकून दोन-एक किंवा एक-दोन होत नाही ना ते बघा.

परत ठायवर येणं हे सरांसमोर म्हणताना सगळ्यात जास्त उघडं पडतं. तिगुनीतून समेवर आलात, पण पुढचा 'धा धिं धिं धा' तिगुनीच्या घाईत निघाला, तर ऐकणाऱ्याला कळतं की टाळी आधीपासूनच सरकत होती. दोन आवर्तनं ठाय, एक आवर्तन तिगुन, पुन्हा दोन आवर्तनं ठाय, असं मेट्रोनोमवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना तिगुनीचं आवर्तन सोडून फक्त त्यानंतरच्या पहिल्या चार मात्रा ऐका. तिथे तुमचा बोल टिकीच्या आधी पडत असेल तर चार मात्रा तोंड बंद ठेवायचा वरचा अभ्यास परत घ्या, आणि या खेपेला गप्प राहायच्या चार मात्रा समेनंतरच्या धरा.